म्युच्युअल फंडाचा ‘खरा परतावा’ काढणारी शीट: काही महिने वापरल्यावर

फंडाच्या अ‍ॅपवर हिरव्या अक्षरात दिसणारा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत किती अंतर असतं, हे तपासायला मी गेल्या पावसाळ्यात गूगल शीटवर एक हिशेब मांडला. खर्च, कर आणि महागाई वजा जाता काय उरतं, एवढंच ती सांगते. आता घरातल्या सगळ्यांचे फोलिओ तिच्यात आहेत, त्यामुळे ती कुठे कामाची आहे आणि कुठे फसवते हे बऱ्यापैकी कळलंय.

नाशिकच्या सातपूरला नोकरी करून निवृत्त झालेल्या मामांचं उदाहरण घेतो. त्यांनी ऑक्टोबर 2019 मध्ये एका इक्विटी फंडाच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घ्यायच्या, प्लॅनमध्ये 5,00,000 रुपये एकरकमी टाकले होते. गंगापूर रोडला फ्लॅटचा व्यवहार ठरला म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये सगळे युनिट विकले, 9,60,000 आले. वितरक म्हणाला, “काका, पैसे जवळजवळ डबल झाले की!” वर्षाला 13.94 टक्के. आकडा चूक नाही, फक्त अर्धवट आहे.

पहिला प्रश्न खर्चाचा. फंड चालवण्याचा खर्च, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, रोजच्या रोज एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून, कापला जातो. म्हणजे 13.94 हा तो खर्च जाऊनच आलेला आकडा, त्यातून पुन्हा दीड-दोन टक्के वजा करायचे नाहीत. नेटवरच्या बऱ्याच तयार शीट्स इथेच दुहेरी कापणी करतात, म्हणून तयार शीट वापरण्याआधी हे बघाच. लवकर पैसे काढल्याबद्दलचा एक्झिट लोड मात्र एनएव्हीत नसतो, तो विक्रीच्या वेळी वेगळा कापतात. इक्विटी फंडांत साधारण वर्षाच्या आत पैसे काढले तर 1 टक्का असतो, मामांना तो लागलाच नाही. विक्रीच्या व्यवहारावरचा कर, म्हणजे एसटीटी, लागला, पण तो 0.001 टक्का, म्हणजे दहा रुपयेसुद्धा नाही.

खर्च कापलेला असला तरी किती कापला हे दिसत नाही. त्यासाठी मी शेजारी डायरेक्ट प्लॅनचा रकाना ठेवलाय. डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत. पोर्टफोलिओ तोच, फक्त वितरकाचं कमिशन नाही. हा फरक वर्षाला 1 टक्का धरला तर मामांचे 9,60,000 सुमारे 10,09,000 झाले असते. कमिशनचे 49 हजार! मामा कराच्या नावाने बोटं मोडत होते, तो कर याहून कमी निघाला. वितरकाने त्या पाच वर्षांत फोन उचलला असता तर मी हे एवढं ताणून लिहिलंही नसतं.

आता कर. 23 जुलै 2024 पासून इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटवर, 12.5 टक्के कर आहे आणि आर्थिक वर्षात 1,25,000 पर्यंतचा नफा सुटतो. मामांचा नफा 4,60,000. सूट वजा जाता 3,35,000, त्यावर 41,875 आणि 4 टक्के उपकर धरून 43,550. एसटीटीचे जेमतेम दहा रुपयेही वजा जाता हातात 9,16,440. परतावा आला 12.88 टक्क्यांवर.

ही 1,25,000 ची सूट दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते. निम्मे युनिट मार्चअखेर आणि निम्मे एप्रिलमध्ये विकता आले असते तर याच नफ्यावर 16,250 रुपये वाचले असते. पण बिल्डरला ऑक्टोबरातच पैसे हवे होते.

महागाईचा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी वाढ 2020-21 मध्ये 6.2 टक्के, मग अनुक्रमे 5.5, 6.7, 5.4 आणि 2024-25 मध्ये 4.6. यांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. उत्तर येतं 1.318. म्हणजे 2019-20 मध्ये जे सामान 100 रुपयांत यायचं त्याला पाच वर्षांनी सुमारे 132 लागतात. 9,16,440 ला 1.318 ने भागलं की 2019 च्या रुपयांत 6,95,000 उरतात. ‘डबल’ झालेल्या पैशांची खरी वाढ 39 टक्के, वर्षाला 6.8 टक्के. 12.88 मधून महागाईचा वार्षिक दर 5.68 नुसता वजा केला तर 7.2 येतात, तेही जास्तच. भागाकारच हवा.

करही गमतीशीर आहे. तो रुपयांतल्या नफ्यावर लागतो, महागाईची वजावट नाही. मामांच्या 4,60,000 नफ्यावर कर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण महागाई काढून उरलेल्या खऱ्या नफ्याशी ताडला तर तो साडेचौदा टक्के होतो.

मी महिन्याचा निर्देशांक न घेता वर्षाची सरासरी का घेतली, ते नाशिककरांना सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो, लाल कांदा अजून यायचा असतो, आणि लासलगावचा भाव चढला की देशाचा महागाईचा आकडाही हलतो. 2024 च्या जुलैत महागाई 3.6 टक्क्यांच्या आसपास होती, ऑक्टोबरात भाजीपाल्याच्या जोरावर 6.2 वर गेली. कोणता महिना धरला यावर खरा परतावा नाचायला लागला तर हिशेब कसला? मामांची खरेदी-विक्री ऑक्टोबरातली, म्हणजे आर्थिक वर्षाच्या मधोमध, म्हणून सरासरी त्यांना बरोबर बसते.

एसआयपीला ही सोपी रीत चालत नाही, कारण प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं. तिथे प्रत्येक हप्ता आजच्या रुपयांत आणायचा आणि मग एक्सआयआरआर, म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरचा वार्षिक परतावा, काढायचा:

```
D2: =B2*$G$1/C2
G3: =XIRR(D2:D62,A2:A62)
```

D2 चं सूत्र खाली D62 पर्यंत ओढायचं. A मध्ये तारीख, B मध्ये रक्कम, C मध्ये त्या महिन्यापर्यंतच्या बारा महिन्यांचा सरासरी निर्देशांक, G1 मध्ये तीच सरासरी आजची. हप्ते उणे चिन्हाने, शेवटच्या ओळीत कर वजा केलेली किंमत अधिक चिन्हाने आणि तिच्या C मध्ये G1 चाच आकडा. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या पडल्या तर `#NUM!` येतं. सगळ्या फंडांचं एकत्र विवरण देणाऱ्या कॅस स्टेटमेंटमधून चिकटवलेली तारीख मजकूर म्हणून बसली तर `#VALUE!`. मला दुसरं जास्त भेटलं. एसआयपी अजून चालू असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या हप्त्यांवरचा नफा अल्पकालीन असतो, त्यावर 20 टक्के आणि उपकर. युनिट विकताना आधी घेतलेले आधी गेले असं धरतात, हे शीटला हाताने शिकवावं लागतं.

तक्रारी आहेतच. निर्देशांक दर महिन्याला हाताने भरावा लागतो आणि तो महिनाभर मागे असतो. पायाभूत वर्ष बदललं की जुना-नवा आकडा थेट भागता येत नाही, आधी दोन्ही मालिका जोडणाऱ्या गुणकाने ते एका मापात आणावे लागतात. शिवाय 2012 पायाच्या मालिकेत खाद्यपदार्थांचा वाटा देशपातळीवर सुमारे 46 टक्के, शहरी भागात 36. मुलीचा क्लास, आईची औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स हाच ज्याच्या घरातला मोठा खर्च, त्याची महागाई यात बसत नाही. म्हणून मी एक जादा रकाना 7 टक्के महागाईचा ठेवलाय. त्यात मामांचे 6.8 घसरून 5.5 होतात.

31 जानेवारी 2018 पर्यंतची खरेदी असेल तर ही शीट तशीच वापरू नका, तिथे मूळ किंमत ठरवण्याचा नियम वेगळा आहे. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट, म्हणजे कर्जरोख्यांच्या, फंडांचा नफा तर तुमच्या प्राप्तिकराच्या स्लॅबनेच करपात्र, त्याला 12.5 चा रकाना लागूच होत नाही. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 7 टक्के देणारा डेट फंड उपकरासह कर जाता 4.8 वर येतो, आणि वरची पाच वर्षांची महागाई 5.68 होती.