टॉलरन्स लावून नऊ महिने झाले: ‘बरोबर मोजणी’चा आकडा किती खरा?

आमच्या स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये सायकल काउंटची, म्हणजे सगळा माल एकदम न मोजता थोडाथोडा सतत मोजत राहण्याची सोय आहे, आणि सोबत टॉलरन्सची: नोंद आणि मोजणी यांतला फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर ती नोंद ‘बरोबर’ धरायची. नऊ महिन्यांपूर्वी टॉलरन्स सुरू केला आणि पहिल्याच महिन्यात आमची नोंद-अचूकता ८२ वरून ९४ टक्क्यांवर गेली. सगळे खूश. मी मात्र जरा अस्वस्थ होतो, कारण त्या महिन्यात स्टोअरमध्ये काहीच बदललं नव्हतं. तेच रॅक, तेच लोक, तशाच अर्धवट भरलेल्या इश्यू स्लिपा. बदलली होती ती फक्त ‘बरोबर’ या शब्दाची व्याख्या.

आकडा निघतो कसा ते आधी सांगतो. महिन्यात जितक्या नोंदी मोजल्या, त्यांतल्या जितक्या बरोबर निघाल्या त्यांची टक्केवारी. आम्ही महिन्याला ३२० मोजण्या करतो. एक माल एका जागेवर, म्हणजे एक नोंद. (हे जागेनुसारच धरा. एका बिनमध्ये पाच कमी आणि दुसऱ्यात पाच जास्त असतील, तर मालाची बेरीज जुळते, पण माल काढायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.) टॉलरन्स नव्हता तेव्हा ३२० पैकी २६२ जुळत होत्या. टॉलरन्स लावल्यावर ३०१.

हिशेब विभागातल्या मॅडमचा तर ८२ वरच आक्षेप होता. “एकूण किमतीत फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, मग तुम्ही ८२ कसं म्हणता?” त्यांचंही चुकत नव्हतं. किमतीच्या बेरजेत इथलं जास्त आणि तिथलं कमी एकमेकांना खाऊन टाकतं. ताळेबंदाला ते चालतं, पण उद्या अमुक नग मिळतील का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तर माझ्या डोक्यात बसले होते ते मधले ३९. कालपर्यंत चूक असलेल्या आणि आज बरोबर ठरलेल्या ३९ नोंदी. एका दुपारी त्यांची यादी काढून बसलो. २४ नोंदी वजनावर मोजायच्या मालाच्या होत्या: वॉशर, नट, छोटे स्क्रू. ९ केबल आणि शीटच्या, म्हणजे लांबीवर मोजायच्या. उरलेल्या ६ चक्क हाताने मोजता येणाऱ्या नगांच्या. त्यातली एक बेअरिंगची होती. नोंद ७, हातात ६, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय ‘टॉलरन्समध्ये’.

आम्ही पुस्तकी पद्धतीने गेलो होतो. किमती माल ‘अ’ वर्गात, मधला ‘ब’ मध्ये, स्वस्त ‘क’ मध्ये, आणि मर्यादा ०.२, १ आणि ५ टक्के. ही उतरंड बहुतेक ठिकाणी दिसते. बेअरिंग ‘ब’ मध्ये होतं. सातचा एक टक्का म्हणजे ०.०७ नग. बेअरिंगचा एवढासा हिस्सा कमी सापडत नाही, म्हणून सॉफ्टवेअरने तो आकडा वरच्या पूर्णांकाला नेला आणि एक नग माफ केला. सातात एक म्हणजे चौदा टक्के! सेटिंगमध्ये ‘वरचा पूर्णांक’ की ‘खालचा पूर्णांक’ असा एक साधा पर्याय होता, तो कोणी उघडून पाहिलाच नव्हता. तुम्ही ही सोय वापरणार असाल तर आधी हे पाहा.

त्या सहाही नोंदींना शून्य टॉलरन्स लावला. ३०१ ची २९५ झाली, ९४ चे ९२ टक्के. खरं तर प्रश्न पूर्णांकाचा नव्हताच. बेअरिंग मोजताना शंका राहायचं कारणच नाही. सहा आहेत की सात, हे लहान मूलही सांगेल. मग तिथे सवलत कशाची? सवलत द्यायची ती मोजण्याच्या साधनात जेवढी शंका आहे तेवढीच. मालाची किंमत फार तर ‘किती वेळा मोजायचं’ हे ठरवेल. ‘किती चूक चालेल’ हे ठरवायचा मान काट्याचा आणि टेपचा.

हे सगळ्यात स्वच्छ दिसलं वॉशरमध्ये. एक बिन, नोंद १२,००० नग, एका वॉशरचं वजन साधारण १.१ ग्रॅम. आमचा काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे त्याला दिसत नाही. आमचे लोक दहा वॉशर ठेवून नमुन्याचं वजन घ्यायचे: ११ ग्रॅम. अकरामध्ये अर्धा ग्रॅम शंका म्हणजे साडेचार टक्के, आणि ती शंका पूर्ण बिनवर पसरली की १२,००० मध्ये ५४० नग. म्हणजे माल जसाच्या तसा असूनही पाचशेचा फरक निघू शकतो, आणि ५ टक्क्यांचा टॉलरन्स तो मुकाट गिळतो. नमुना २०० नगांचा घेतला की वजन २२० ग्रॅम. तोच अर्धा ग्रॅम आता पाव टक्क्याच्या आत येतो, म्हणजे साधारण २७ नग. नमुना घ्यायला चार मिनिटं जास्त लागतात, एवढाच खर्च. रिकाम्या बिनचं वजनही प्रत्येक वेळी घ्यायचं ठरवलं, कारण दोन सारख्या दिसणाऱ्या बिनांत २० ग्रॅमचा फरक निघाला, म्हणजे १८ वॉशर. हे झाल्यावर वॉशरचा टॉलरन्स ५ वरून १ टक्क्यावर आणला. त्याच्या बाहेर जे निघतं ते आता खरोखर शोधण्यासारखं असतं.

वजनाच्या मालात अजून एक गंमत. फरक बरोबर शून्य आला तर मी आता सावध होतो. १२,००० वॉशर तोलून नेमके १२,००० येणं फारच क्वचित व्हावं. आमच्याकडे एका आठवड्यात असे पाच ‘नेमके’ आले. झालं होतं असं की मोजणीच्या पडद्यावर नोंदीचा आकडा दिसत होता, आणि शेवटच्या तासात कोणीतरी तोच खाली उतरवला होता. आकडा लपवायची सोय याच मॉड्यूलमध्ये आहे, ती चालू केली. मर्यादा किती हेही मोजणाऱ्याला दाखवत नाही. नाहीतर माणूस मर्यादेच्या आत पोचला की तिथेच थांबतो.

केबलने मात्र टक्केवारीवरचाच विश्वास उडवला. १०० मीटरचं रीळ, त्यातून पाच-पाच मीटरचे १८ तुकडे गेले. नोंदीत उरले १० मीटर, मोजले तर साडेआठच्या थोडं वर. टॉलरन्स २ टक्के, म्हणजे शिल्लक १० मीटरवर २० सेंटिमीटर. अर्थात चूक. पुढच्या रिळाचंही तेच. नवं, न फोडलेलं रीळ नेहमी बरोबर आणि संपत आलेलं नेहमी चूक. आमच्यातल्या एकाने सुचवलं की केबलला १५ टक्के द्या, प्रश्न मिटेल. मिटला असता, कायमचा!

गोम अशी की टक्केवारी आपण शिल्लक मालावर काढतो, आणि चूक मात्र गेलेल्या मालात साठते. जितका माल जाईल तितकी चूक वाढणार आणि सवलत आक्रसत जाणार. म्हणून केबलपुरता टॉलरन्स मागच्या मोजणीनंतर गेलेल्या लांबीवर धरून पाहिला. ९० मीटर गेले, त्याचा एक टक्का ९० सेंटिमीटर. फरक १ मीटर ४४. म्हणजे तरीही बाहेर, पण आता आकडा काहीतरी सांगत होता: १४४ सेंटिमीटर भागिले १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ८ सेंटिमीटर. कापायच्या टेबलावरची अटकाव पट्टी सैल होऊन सरकली होती. टेप लावला तर बरोबर ५ मीटर ८. पट्टी आवळली आणि केबलच्या नोंदी जवळजवळ सरळ झाल्या. १५ टक्के दिले असते तर ती पट्टी आजही सैलच असती.

आता जी गोष्ट कळायला मला चार महिने लागले ती. फरक टॉलरन्सच्या आत असेल तर नोंद बदलायची की नाही? आमचं सेटिंग ‘आपोआप बदला’ असं होतं आणि ते मला शहाणपणाचं वाटायचं. मग १,००० नगांच्या आसपास असणाऱ्या एका स्क्रूच्या ओळी एकाखाली एक पाहिल्या: उणे ८, उणे ६, उणे ९, उणे ७. प्रत्येक वेळी एक टक्क्याच्या आत, प्रत्येक वेळी हिरवी खूण. चार मोजण्यांत ३० स्क्रू गेले आणि अहवालात तो माल शंभर टक्के बरोबर. प्रत्येक मोजणीनंतर नोंद बदलून फरक नव्याने शून्यावर आणल्यामुळे गळती कधी मर्यादेपर्यंत पोचतच नव्हती. आपोआप बदल बंद केला. आता आतला फरक तसाच राहतो. काट्याची शंका असेल तर तो कधी इकडे, कधी तिकडे जातो, गळती असेल तर साठत साठत बाहेर पडतो. त्या स्क्रूचा असा बाहेर पडला, आणि कारण निघालं ते दुरुस्तीवाले स्लिप न करता मूठभर घेऊन जात होते.

त्यात धोका आहे, मान्य. लवकर संपणाऱ्या मालात न बदललेली नोंद अडचणीत आणू शकते. तिथे आम्ही बदलतो, पण फरकाचं चिन्ह आणि आकडा वेगळ्या वहीत ठेवतो. सलग तीन वेळा एकाच बाजूला गेला की तपास.

आठवड्याच्या आलेखाबद्दल एकच तक्रार, आणि ती आमच्या वरिष्ठांबद्दल. आठवड्याला ८० मोजण्या होतात, म्हणजे एक नोंद चुकली की सव्वा टक्का गेला. कोणत्या ८० नोंदी हाताला लागल्या एवढ्यावरच ९२ चे ८९ किंवा ९५ होऊ शकतात. ८९ आल्यावर बैठक आणि ९५ आल्यावर पेढे, हे मी बंद पाडू शकलेलो नाही. मी स्वतः तीन महिन्यांचा आकडाच पाहतो, आणि त्याच्या शेजारी टॉलरन्स कधी बदलला त्याची तारीख लिहितो. मर्यादा बदलल्यावर आधीचा आणि नंतरचा आकडा एका रेषेत जोडायचा नाही.

सॉफ्टवेअरबद्दल म्हणाल तर पाचपैकी साडेतीन. टॉलरन्स फक्त मालाच्या वर्गावर लावता येतो, मोजायच्या पद्धतीवर नाही. म्हणून आम्ही ‘अ’, ‘ब’, ‘क’ च्या जागी ‘हात’, ‘काटा’, ‘टेप’ असे तीन वर्ग करून घेतले, आणि कोणता माल किती वेळा मोजायचा ते वेगळ्या यादीत नेलं. गेलेल्या मालावरची मर्यादा तर त्यात बसतच नाही, केबलचं गणित अजून मी महिन्याच्या शेवटी वहीत करतो. सध्या आकडा ९१ आहे. पहिल्या महिन्याच्या ९४ पेक्षा तीनने कमी, आणि माल काढायला गेलेली माणसं रिकाम्या हाताने परत येण्याचे प्रकार मात्र तेव्हापेक्षा बरेच घटलेत.