बॅकअप लिंकसाठी दोन स्टॅटिक रूट, की ओएसपीएफच्या मागे एक फ्लोटिंग स्टॅटिक?

शाखेच्या राउटरवर दोन लिंक असतात, एक फायबरची मुख्य आणि एक सावकाश बॅकअप. मुख्य बंद पडली की बॅकअपने आपोआप काम हाती घ्यावं, एवढीच अपेक्षा असते. यासाठी मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे एडी, काय असतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

पहिली पद्धत दोन ओळींत संपते. समजा मुख्य कार्यालयाचं नेटवर्क 10.20.0.0/16 आहे:

```
ip route 10.20.0.0 255.255.0.0 192.168.1.1
ip route 10.20.0.0 255.255.0.0 192.168.2.1 250
```

पहिल्या रूटचा एडी 1, दुसऱ्याचा 250. पहिला टेबलमध्ये असेपर्यंत दुसरा बाहेर थांबून राहतो. वाचायला सोपं, शेजाऱ्याशी काही बोलावं लागत नाही, प्रोटोकॉलची देखभाल नाही. माझी बरीच वर्षं यातच गेली आणि बहुतेक वेळा ते नीट चाललंही.

मला यातली एकच गोष्ट सोसली नाही. फायबर थेट राउटरमध्ये येत नव्हती, मध्ये सेवा पुरवणाऱ्याचा मीडिया कन्व्हर्टर होता. एके दिवशी फायबर पलीकडे कुठेतरी तुटली. कन्व्हर्टर चालू होता, त्यामुळे राउटरचा इंटरफेस up/up दाखवत राहिला. इंटरफेस उभा म्हणून 192.168.1.1 कडे जाणारा रूट वैध, तो वैध म्हणून एडी 1 जिंकलेला, आणि बॅकअप धडधाकट असूनही सगळे पॅकेट शून्यात. `show ip route 10.20.0.0` मध्ये `Known via "static", distance 1` हे शांतपणे लिहिलेलं पाहून मला कळलं की एडीचा यात काहीच दोष नाही. आलेल्या रूटपैकी जास्त विश्वासाचा कोणता, एवढंच तो ठरवतो. रूटच्या टोकाला कोणी जिवंत आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. आणि स्टॅटिक रूटही ते विचारत नाही.

म्हणून मुख्य लिंकवर ओएसपीएफ ठेवला आणि बॅकअपवर तीच 250 ची ओळ राहू दिली. ओएसपीएफचा एडी 110, त्यामुळे रोजच्या कामात `O 10.20.0.0/16 [110/2]` दिसतो. फायबर तुटली की हॅलो येणं थांबतं. इथरनेटवर डिफॉल्ट हॅलो 10 सेकंदांचा आणि डेड इंटरव्हल 40 सेकंदांचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त 40 सेकंदांत शेजारी गेला असं ठरतं आणि रूट निघून जातो. लगेच `S 10.20.0.0/16 [250/0]` टेबलमध्ये येतो. फायबर जोडली की शेजारीपण पुन्हा जुळतं आणि 110 परत जागेवर. मधल्या खंडात फोन येतात, पण कोणालाही राउटरवर लॉगिन करावं लागत नाही.

स्टॅटिकलाच आयपी एसएलए आणि ट्रॅक जोडून हे साधतं, हे खरं आहे. पलीकडे ओएसपीएफ चालवायची सोयच नसेल, तर मीही तेच करेन. मात्र पिंग कोणाला करायचा हे नीट ठरवावं लागतं. जवळचं उपकरण निवडलंत तर ते नेहमीच उत्तर देईल.

ओएसपीएफकडे वळणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एडीची तुलना फक्त प्रीफिक्स आणि मास्क दोन्ही तंतोतंत सारखे असतील तेव्हाच होते. मास्क वेगळे असतील तर दोन्ही रूट टेबलमध्ये राहतात आणि पॅकेट जास्त नेमक्या रूटने जातो. बॅकअपवर घाईत 10.20.5.0/24 चा स्टॅटिक लिहिलात आणि ओएसपीएफमधून /16 येत असेल, तर 250 असूनही त्या /24 ची वाहतूक सावकाश लिंकवरून जाईल. एडी तिथे विचारलाच जात नाही. म्हणून बॅकअपचा मास्क ओएसपीएफच्या रूटएवढाच किंवा त्याहून ढोबळ ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे एडी राउटरपुरताच असतो, तो शेजाऱ्याला कळवला जात नाही. मुख्य कार्यालयाच्या राउटरवर परतीचा फ्लोटिंग रूट स्वतंत्र लिहावा लागतो, नाहीतर पॅकेट बॅकअपने जातात आणि उत्तर येत नाही.

250 का, 200 का नाही? सिस्कोवर आयबीजीपीचा एडी 200 आहे, बरोबरी टाळलेली बरी. 255 दिलात तर रूट कधीच टेबलमध्ये येणार नाही. जुनिपरवर हे आकडे निराळे आहेत, तिथे स्टॅटिक 5 आणि ओएसपीएफचे अंतर्गत रूट 10, त्यामुळे सिस्कोची सवय तिथे नेऊ नका.

लिंक थेट राउटरच्या पोर्टला जोडलेली असेल आणि तुटली की पोर्टही खाली जात असेल, तर दोन स्टॅटिकचा मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही. मध्ये स्विच किंवा कन्व्हर्टर असेल तर मी तरी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.