सात महिने वापरल्यानंतर: टेंपरेचर सेन्सिंग प्लगवाला पोर्टेबल चार्जर, आणि आमच्या पार्किंगमधलं जुनं सॉकेट

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मी एप्रिलमध्ये लिहिला असता तर एक स्टार दिला असता. आता साडेचार देतोय, अर्धा का कापला ते खाली येईलच.

इलेक्ट्रिक गाडीबरोबर आलेल्या चार्जरचा प्लग पाचव्या महिन्यात वितळला. सहकारनगरमधली आमची बिल्डिंग तीस वर्षं जुनी, पार्किंगमध्ये मीटरजवळ १६ अँपिअरचं एक सॉकेट आहे, तेही तेव्हाचंच. सकाळी प्लग काढायला गेलो तर जळक्या प्लास्टिकचा वास, एक पिन काळी आणि प्लग निघता निघेना. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोटो बघून लगेच सांगितलं, "सर, बाहेरच्या वायरिंगमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही." अर्धा तास भांडलो, उपयोग शून्य. चडफडत हा दुसरा चार्जर घेतला, प्लगमध्ये तापमान कळतं म्हणून दोन हजार जास्त मोजून. आणि लावला कुठे? त्याच सॉकेटमध्ये. हो, माहितीये. बायकोने ऐकवून झालंय.

थंडीत मस्त चालला. मार्चपासून कटकट सुरू. रात्री दहाला लावायचो, सकाळी सहाला बघावं तर गाडी शंभरऐवजी ८० टक्क्यांवर. ऍपमध्ये बघितलं तर पहिला तासभर १५ अँपिअर, मग १०, एप्रिलमध्ये तर मधूनच बंद, लाल दिवा लुकलुकतोय, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप परत चालू. मला वाटलं पीसच डिफेक्टिव्ह. कंपनीला तीन मेल टाकले, त्यातला तिसरा जरा जास्तच पुणेरी झाला. त्यांचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: सॉकेट तपासून घ्या. मी म्हटलं हे सगळे एकाच शाळेत शिकलेत, जबाबदारी झटकायच्या.

माझा मुद्दा असा होता की सॉकेट खराब असतं तर एमसीबी पडला असता ना? इथेच मी चुकत होतो, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. एमसीबीला फक्त करंट किती जातोय ते कळतं. १५ अँपिअर जायला हवेत, १५च जातायत, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. करंट जमिनीत गळत नाही म्हणून गळती पकडणारा आरसीसीबीही गप्प. गडबड होते ती जिथे प्लगची पिन सॉकेटच्या आतल्या पितळी पट्टीला टेकते तिथे. पट्टीची पकड सैल झाली की पिन पूर्ण न टेकता एक-दोन ठिपक्यांवर टेकते, आणि सगळा करंट त्या ठिपक्यांतून जातो. समजा तिथे ०.१ ओहम एवढाच विरोध तयार झाला. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले विरोध, १५ गुणिले १५ गुणिले ०.१, साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं, जवळपास ते सॉकेटच्या पोटात रात्रभर चालू ठेवल्यासारखं. आणि व्होल्टेज पडतं फक्त दीड व्होल्ट, २३० मधले दीड गेले तर कुणाच्या लक्षात येणार?

त्यात हे आपणहून वाढत जातं. तापलं की पट्टीवर काळा थर चढतो, पितळेचा ताण जातो, पकड अजून सैल, विरोध अजून जास्त, मग अजून तापतं. याच सॉकेटवर वॉचमन बादलीत रॉड घालून पाणी तापवायचा, ते वीस मिनिटांचं काम, तापायच्या आत संपायचं. गाडी सहा-सात तास सलग ओढते. आणि माझ्या पहिल्या चार्जरने वितळताना ती पट्टी पुरती भाजून ठेवलेली, त्यात मी नवा कोरा प्लग खुपसला.

आता सेन्सर काय करतो ते. प्लगच्या आत पिनांच्या मुळाशी थर्मिस्टर म्हणून एक बारकासा दाणा असतो, तापमान बदललं की त्याचा विरोध बदलतो, आणि त्याची पातळ वायर केबलमधूनच मधल्या डब्यापर्यंत जाते. खरा चार्जर गाडीत असतो, हा डबा गाडीला फक्त सांगतो की जास्तीत जास्त किती अँपिअर ओढ. माझ्या मॉडेलमध्ये ७० डिग्रीला डबा गाडीला १० वर यायला सांगतो, तरी चढत जाऊन ८० झालं तर रिले उघडून सप्लायच तोडतो, गार झालं की परत जोडतो. १५ वरून १० म्हणजे करंट एक तृतीयांशच कमी, पण उष्णता वर्गाने उतरते, साडेबावीसची १० वॅट होते. वेळ दीडपट लागतो, प्लग मात्र वाचतो. थंडीत पार्किंगच १५ डिग्री असायचं म्हणून मर्यादा गाठली जात नव्हती, एप्रिलमध्ये तिथे ३५ असतं. म्हणजे बिचारा चार्जर दोन महिने तेच सांगत होता आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो.

खात्री करायला आधी कोविडमधली कपाळाची गन लावली, तिने नुसतं "Hi" दाखवलं, ताप मोजायचं यंत्र ते. शेवटी इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी काही न मोजता प्लग दोन बोटांनी धरून ओढला, लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. "साहेब, हा धरतच नाहीये." मी विचारलं पट्टी पकडीने दाबून देता का, तर म्हणाले देतो, पण महिनाभरात परत बोलवाल, एकदा तापून मऊ पडलेलं पितळ स्प्रिंगसारखं धरत नाही. मागचा स्क्रूही सैल होता आणि वायरचं टोक काळं पडलेलं. वायर मागून कापून नवं टोक काढलं, जाड पट्टीचं नवं १६ अँपिअरचं सॉकेट, स्क्रू घट्ट, माझ्या प्लगच्या पिना घासून साफ. सगळे मिळून साडेसहाशे. जळालेल्या चार्जरची किंमत आठवून पोटात गोळा आला.

तेव्हापासून पूर्ण रात्र १५ अँपिअर, मे महिन्यातसुद्धा, सकाळी प्लग हाताला कोमट.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सेन्सर प्लगमध्ये आहे, म्हणून त्याला प्लगचंच कळतं. बोर्डातला एखादा जॉइंट तापत असेल तर त्याला पत्ता नाही. शेजारचे काका असाच चार्जर एक्स्टेंशन बोर्डावर लावतात, तिथे भिंतीत जातो तो एक्स्टेंशनचा मुका प्लग, आपला हुशार प्लग बसतो गाडीजवळ गारेगार. दुसरं, कुणी सुचवेल की हा प्लग कापून निळा इंडस्ट्रियल प्लग लावा. तो पकडतो छान, पण कापल्यावर सेन्सरही गेला आणि वॉरंटीही.

आता अर्धा स्टार. प्लग ते डबा ही वायर जेमतेम दीड फूट! सॉकेट छातीच्या उंचीवर, म्हणजे दोन किलोचा डबा हवेत लोंबकळतो आणि रात्रभर प्लगला खाली ओढतो. जी पकड सैल होऊ नये म्हणून एवढा सेन्सर बसवला, तीच सैल करायची सोय कंपनीनेच करून ठेवलीये. डब्याला साधं भोकसुद्धा नाही खिळ्याला अडकवायला. स्टँड वेगळा विकतात, अकराशे रुपयांना. मी भिंतीत खिळा ठोकून आईची जुनी भाजीची वायरची पिशवी टांगलीये, डबा तिच्यात. वायरची म्हणून हवा खेळते, आणि सेक्रेटरींनी अजून तरी हरकत घेतलेली नाही.