रद्द पाकिटांची यादी फोनवर ठेवायची तर: पूर्ण यादी की ब्लूम फिल्टर?

मृग लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-मारेगावकडच्या कृषी केंद्रांवर सरकीच्या पाकिटांची झुंबड उडते, आणि नेमकी तेव्हाच फोनची रेंज जाते. समजा, शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या केंद्रांसाठी एक साधं ॲप करायचं आहे. पाकिटावरचा १२ अंकी कोड स्कॅन केला की तो रद्द कोडांच्या यादीत आहे की नाही, हे इंटरनेटशिवाय कळलं पाहिजे. यादीत १० लाख कोड आहेत असं धरू.

सर्व्हरला विचारायचा मार्ग रेंज नसेल तिथे आपोआप बाद होतो. उरतात दोन: अख्खी यादी फोनवर ठेवणं, किंवा तिच्या जागी ब्लूम फिल्टर ठेवणं. बर्टन ब्लूम यांनी ही रचना १९७० साली मांडली. तिच्यात कोड साठवतच नाहीत. शून्यांची एक लांब पट्टी घ्यायची, प्रत्येक कोडावरून हॅशने, म्हणजे त्याच कोडाला नेहमी तेच आकडे देणाऱ्या सूत्राने, सात जागा काढायच्या आणि त्या जागी १ लिहायचा. विचारताना त्याच सात जागा पाहायच्या. एक जरी ० निघाली, तर तो कोड कधीच घातलेला नाही, हे नक्की. सातही १ असतील तर कोड बहुधा यादीत आहे. बहुधा म्हणायचं कारण, त्या सात जागा वेगवेगळ्या इतर कोडांनी मिळून भरलेल्या असू शकतात.

| | क्रमाने लावलेली पूर्ण यादी | ब्लूम फिल्टर |
|---|---|---|
| १० लाख कोडांना जागा | सुमारे ५ एमबी | सुमारे १.२ एमबी |
| ‘नाही’ हे उत्तर | पक्कं | पक्कं |
| ‘आहे’ हे उत्तर | पक्कं | यादीबाहेरच्या १०० कोडांत साधारण १ वेळा खोटं |
| कोड वगळणं | जमतं | जमत नाही, नव्याने बांधावा लागतो |

५ एमबी हा आकडा काटकसरीचा आहे: १२ अंकी संख्या ५ बाइटमध्ये मावते. हीच यादी मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली तर १३ एमबी होते. फिल्टरला कोडाच्या लांबीशी देणंघेणं नसतं. १ टक्का चुकीसाठी दर कोडामागे सुमारे ९.६ बिट लागतात, मग कोड १२ अंकी असो की साठ अक्षरी क्यूआर मजकूर. साठ अक्षरी मजकुरांची पूर्ण यादी ६० एमबीवर जाते आणि फिल्टर १.२ वरच राहतो. तिथे निवड सोपी आहे. १२ अंकी कोडांसाठी मात्र ३.८ एमबी वाचवायला आपण काय मोजतो, हे आधी पाहायला हवं.

गर्दीच्या दिवशी केंद्रावर ४०० पाकिटं स्कॅन झाली आणि त्यातली २ खरोखर रद्द होती, असं धरा. ती दोन्ही पकडली जातीलच. पण उरलेल्या ३९८ पैकी साधारण ४ चांगली पाकिटंही अडतील. म्हणजे सहा इशाऱ्यांतले चार खोटे! ‘१ टक्का चूक’ ऐकून शंभर इशाऱ्यांतला एक खोटा असेल असं वाटतं. पण तो टक्का यादीबाहेरच्या कोडांवरचा आहे, इशाऱ्यांवरचा नाही. चूक ०.१ टक्क्यावर आणायची तर दर कोडाला सातऐवजी दहा जागा आणि एकूण १.८ एमबी लागतात, आणि खोटा इशारा अडीच दिवसांतून एखादा येतो. अर्धा एमबी जास्त देऊन हे घ्यावंच, असं आमचं मत.

खोटा इशारा पुन्हा स्कॅन करून जात नाही. तोच कोड, त्याच सात जागा, तेच उत्तर, आणि तेही प्रत्येक केंद्रावर. म्हणून ‘आहे’ आल्यावर पुढे काय करायचं, यावरच निवड ठरते. पाकीट बाजूला ठेवून संध्याकाळी रेंजमध्ये सर्व्हरवर तपासता येत असेल, किंवा तालुक्याला फोन लावून विचारता येत असेल, तर फिल्टर चालतो. खातरी झालेल्या चांगल्या कोडांची छोटी यादी फोनवर वेगळी ठेवली की ते पुन्हा अडत नाहीत. शेतकरी काउंटरवर उभा आहे आणि तिथल्या तिथे शेवटचा निकाल द्यायचा आहे, तर मात्र ५ एमबीची यादीच घ्या. कोडाऐवजी लॉट नंबर तपासत असाल तर आणखी जपा. एक लॉट खोटा अडकला तर त्यातलं प्रत्येक पाकीट अडतं.

रॉक्सडीबी, कॅसँड्रा यांसारख्या डेटाबेसना फिल्टर मानवतो तो याच कारणाने. तिथे ‘नाही’ आलं की डिस्कवरची फाइल उघडायचं वाचतं, आणि खोट्या ‘आहे’ची किंमत एखादं फुकटचं वाचन, एवढीच.

रद्द केलेला कोड उद्या पुन्हा वैध ठरला तर? त्याच्या सात जागी ० लिहायला जाऊ नका. त्या जागा इतर कोडांनीही वापरलेल्या असतात. त्या पुसल्या की खरे रद्द कोड ‘नाही’ म्हणून सुटू लागतात. बिटाऐवजी चार बिटांचा मोजणारा आकडा ठेवला तर वगळता येतं, पण जागा चौपट होते, म्हणजे ४.८ एमबी. एवढ्यात तर पूर्ण यादीच येते. यादीतून रोज कोड निघणार असतील तर फिल्टरचा नाद सोडा. नुसती भर पडणार असेल तर सोपं आहे: नवे कोड पाठवा, फोन ते स्वतः घालेल. फक्त ठरवलेल्या संख्येच्या पलीकडे जाऊ नका. १० लाखांसाठी बांधलेल्या फिल्टरमध्ये २० लाख घातले तर चूक १ वरून जवळपास १६ टक्क्यांवर जाते. पट्टीतले १ मोजले की हे ओळखता येतं. निम्म्या जागा भरल्या म्हणजे क्षमता संपली. दुप्पट कोडांना ७७ टक्क्यांच्या आसपास भरतात.

आता ‘नाही’ पक्कं असतं ते कुठपर्यंत? घालताना आणि विचारताना कोडाचे बाइट हुबेहूब तेच असतील, तिथपर्यंतच. एक्सेलने सुरुवातीचं शून्य खाल्लं, शेवटी रिकामी जागा राहिली, किंवा कुणी मराठी कीबोर्डवरून ० टाइप केला आणि यादीत 0 आहे, की रद्द पाकीट बिनबोभाट पुढे जातं. दोन्हीकडे एकाच फंक्शनने कोड साफ करा. पायथनचा `hash()` वापरू नका. मजकुरासाठी तो प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू करताना बदलतो, त्यामुळे संगणकावर बांधलेली फाइल दुसरीकडे निरुपयोगी ठरते. एका हॅशमधून सातही जागा अशा काढता येतात:

```python
import hashlib
M, K = 9_600_000, 7

def jaga(code):
    d = hashlib.sha256(code.encode("utf-8")).digest()
    a = int.from_bytes(d[:8], "big")
    b = int.from_bytes(d[8:16], "big") | 1
    return [(a + i * b) % M for i in range(K)]
```

ॲप केंद्रांवर देण्याआधी दोन चाचण्या फोनवरच घ्या, संगणकावर नव्हे. यादीतले सगळे १० लाख कोड विचारा. एकही ‘नाही’ आला तर साफसफाईत किंवा हॅशमध्ये घोळ आहे. मग यादीत नसलेले १ लाख कोड विचारा. ‘आहे’ साधारण हजार वेळा यायला हवं. तीन-चार हजार आलं, तर पट्टीची लांबी चुकली आहे किंवा फाइलमध्ये ठरवल्यापेक्षा जास्त कोड गेले आहेत.