भरतीच्या आठ नोंदी: डीसीटी घ्यावा की डीएफटी?

दाभोळच्या खाडीत धक्क्याला पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आहे, नेटवर्क तोळामासा प्रकृतीचं, आणि आठ नोंदींऐवजी तीनच आकडे पाठवायचे आहेत असं धरू. एक आकडा सरासरीचा. उरलेले दोन डीसीटीचे, म्हणजे नोंदी फक्त कोसाइन लाटांत मांडणाऱ्या रूपांतराचे, घ्यायचे की डीएफटीचे, म्हणजे साइन आणि कोसाइन अशा दोन्ही लाटांत मांडणाऱ्या फूरिये रूपांतराचे?

भांगाच्या दिवसांतली भरती घेऊ. सुकतीपासून दर 50 मिनिटांनी एक नोंद, सेंटिमीटरमध्ये (हाताने पडताळता यावेत म्हणून आकडे सोपे ठेवलेत):

110, 118, 133, 152, 174, 195, 212, 222

सरासरी 164.5. ती वजा केल्यावर उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज 12864 भरते. वाटून घ्यायची ऊर्जा ती हीच.

डीसीटीमध्ये (नेहमीचा दुसरा प्रकार, जेपीईजीत वापरतात तो) यातली 99.9 टक्के ऊर्जा एकट्या पहिल्या गुणांकात बसते. त्याची किंमत −113.4. दुसरा गुणांक 3.15, आणि पुढचे सगळे 1 च्या आत. डीएफटीत पहिल्या वारंवारतेकडे 74.3 टक्के जातात, दुसरीकडे 14.5, तिसरीकडे 8 आणि चौथीकडे 3.3. शिवाय डीएफटीचा प्रत्येक गुणांक (सरासरीचा आणि चौथा सोडून) वास्तव आणि काल्पनिक अशा दोन आकड्यांचा असतो. म्हणजे आपली दोन आकड्यांची शिल्लक पहिल्याच वारंवारतेत संपते.

आता तीन आकड्यांवरून नोंदी परत उभ्या करू. डीसीटी पहिली नोंद 110.4 आणि शेवटची 221.6 देतो. डीएफटी तिथे 147.3 आणि 184.7 देतो. सुकतीला प्रत्यक्षापेक्षा 37 सेंटिमीटर जास्त पाणी दाखवलं, तर होडीचा तळ चिखलात रुतलाच म्हणून समजा.

कारण टोकांत आहे. डीएफटी आठ नोंदींचा तुकडा पुन:पुन्हा जोडलेला आहे असं मानतो: 222 नंतर लगेच 110. खाडीत कधीच न झालेली ही 112 सेंटिमीटरची उडी बसवायला त्याला वरच्या वारंवारता खर्चाव्या लागतात. डीसीटी तोच तुकडा आरशात उलटवून जोडतो: 212, 222, 222, 212. तिथे उतार मोडतो, पण पातळी तुटत नाही. म्हणून शेजारच्या नोंदी एकमेकींना धरून असल्या की त्याचे गुणांक झपाट्याने लहान होतात. नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी 1974 साली डीसीटी मांडला, तेव्हाही तुलना अशाच सहसंबंधित नोंदींवर होती.

इथे डीसीटीला थोडं झुकतं माप मिळालंय हे मान्य करायला हवं. सुकती ते भरती हा आकार जवळजवळ अर्ध्या कोसाइन लाटेचा, म्हणजे डीसीटी ज्या लाटांत नोंदी मांडतो त्यांतल्या पहिल्या लाटेचाच. पण साधी सरळ चढण (0, 1, 2… 7) घेतली तरी पहिल्या गुणांकात 98.8 टक्के जातात. डीएफटीची पहिली वारंवारता 65 वर थांबते.

पडताळताना दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, सरासरी वजा न करता टक्के काढणं. मग एकूण ऊर्जा 229346 होते, आणि डीएफटीचे तीन आकडे 98.6 टक्के ऊर्जा राखतात असं दिसतं. 37 सेंटिमीटरची चूक त्या गोंडस आकड्याआड लपते. दुसरं, मापन जुळवायचं राहून जाणं:

```python
from scipy.fft import dct, fft
x = [v - 164.5 for v in (110, 118, 133, 152, 174, 195, 212, 222)]
C = dct(x, norm="ortho")
F = fft(x, norm="ortho")
```

`norm` विसरलात तर दोन्हीकडची ऊर्जा जुळत नाही. `(C**2).sum()` आणि `(abs(F)**2).sum()` सारखे आले तरच टक्के काढा. `rfft` वापरलात तर मधल्या वारंवारतांची ऊर्जा दुप्पट मोजा, नाहीतर डीएफटीवर विनाकारण अन्याय होतो.

डीएफटी जिंकतो तो प्रसंग याच खाडीत आहे. भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र सुमारे 12 तास 25 मिनिटांचं. त्याच आठ नोंदी 93 मिनिटांनी घेतल्या, तर तुकड्याचं शेपूट आपोआप डोक्याला जुळतं, उडी राहत नाही. मध्यपातळीपासून सुरू होणारी शुद्ध साइन लाट धरली, तर डीएफटीच्या दोन आकड्यांत 100 टक्के ऊर्जा येते. डीसीटीचे सर्वांत मोठे दोन गुणांक मिळून 84.5 टक्केच धरतात, एकटा पहिला 64. वर डीएफटीच्या कोनावरून भरतीची वेळही थेट निघते.

तेव्हा नोंदींचं अंतर आणि सुरुवात तुमच्या हातात असेल आणि पूर्ण चक्र मोजायचं असेल, तर डीएफटी. यंत्र वाटेल तेव्हा सुरू होत असेल आणि तुकडा चक्रापेक्षा लहान असेल, तर डीसीटी. टोकं दाबणारी हॅन खिडकी लावून डीएफटी वाचवायला जाऊ नका: उडी दबते, पण तिच्याबरोबर पहिली आणि शेवटची नोंदही दबते, आणि धक्क्यावर नेमक्या त्याच दोन हव्या असतात.