चर्मपत्र की कागद: अब्बासी वर्राकांपुढची निवड आणि माझी

अब्बासी खलिफांच्या काळातल्या पद्धतीने, म्हणजे बोरू आणि काजळीची शाई घेऊन, एखादा अरबी मजकूर हाताने उतरवून पाहावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना लिपीच्याही आधी लिहिण्याच्या पृष्ठभागाचा निर्णय करावा लागतो. नवव्या शतकातल्या बगदादमधील वर्राकांपुढे, म्हणजे कागद विकणाऱ्या, प्रती उतरवून देणाऱ्या आणि पुस्तके बांधणाऱ्या त्या व्यावसायिकांपुढे, हाच प्रश्न होता. पपायरस, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून बनणारा लेखनपट, मी येथे बाजूला ठेवतो, कारण वारंवार घडी घातली की तो घडीवरच तडकतो. खरी तुलना चर्मपत्र आणि कागद यांचीच आहे. मी दोन्हींवर काही वर्षे लिहिले आहे आणि अखेर कागदाकडे वळलो आहे. तरीही चर्मपत्राची बाजू आधी मांडणे मला न्याय्य वाटते.

ताणून वाळवलेल्या आणि नीट घासून तयार केलेल्या मेंढीच्या कातड्यावर बोरू ज्या सहजतेने सरकतो, तशी सहजता मला आजवर कोणत्याही कागदावर मिळालेली नाही. शाई आत झिरपत नाही, अक्षराची कड धारदार राहते आणि कुफी या कोनदार लिपीतल्या रुंद अक्षरांना हवा तो भारदस्तपणा येतो. कुराणाच्या प्रती दहाव्या शतकापर्यंत मुख्यतः चर्मपत्रावरच लिहिल्या जात होत्या, त्यामागे परंपरेचा आदर होता तसा हा गुणही असावा असे मला वाटते. इब्न अल-बव्वाब या बगदादच्या सुलेखनकाराने इ.स. 1000-1001 मध्ये कागदावर लिहिलेले कुराण आज प्रसिद्ध आहे, पण तोवर इतर विषयांच्या ग्रंथांनी कागद स्वीकारून दीड शतकाच्या आसपास काळ लोटला होता.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला तो दमटपणाचा आहे. मी कोकणात राहतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की कातड्याचे ताणून ठेवलेले पान सैल होते, त्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये लहरी उमटतात. सकाळी आखलेल्या ओळी दुपारी सरळ राहत नाहीत. वजनाखाली दाबून ठेवले तर पान तात्पुरते बसते, पण बांधलेल्या पुस्तकात प्रत्येक पान आपापल्या दिशेने फुगते आणि पुठ्ठे मिटत नाहीत. शिवाय कातड्याच्या केसांकडच्या आणि मांसाकडच्या बाजू ओल्या हवेत वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे एका बाजूची शाई धरून राहते आणि दुसऱ्या बाजूची पापुद्र्यासारखी सुटते. एका पावसाळ्यात माझी अशी अकरा पाने वाया गेली. त्यांना येणारा मंद वासही मला त्या खोलीत बसू देत नव्हता.

हा अनुभव केवळ माझा असता तर त्याला फारसे महत्त्व दिले नसते. परंतु बसऱ्याचा थोर गद्यलेखक अल-जाहिज, ज्याचा मृत्यू इ.स. 868-869 च्या सुमारास झाला, त्याने वजीर इब्न अल-झय्यात याला उद्देशून लिहिलेल्या पत्रात जवळजवळ हीच तक्रार केली आहे. कातडी जड आणि अवजड असतात, पाणी लागले की बिघडतात, दमट दिवशी सैल पडतात, त्यांना वास येतो आणि किंमतही अधिक पडते, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे. बसरा इराणी आखाताच्या वरच्या टोकाजवळ, खजुराच्या बागांच्या आणि कालव्यांच्या ओलाव्यात वसलेले शहर असल्यामुळे हे वाक्य त्याने ऐकीव माहितीवर लिहिले नसावे. त्याच पत्रात दुसरी बाजूही येते: चर्मपत्र खरवडून पुन्हा वापरता येते, हाताळणी आणि उसनवारी सोसते, आणि बाजारात त्याला मान असतो. ही बाजूही खरी आहे.

मात्र खरवडता येणे हा गुण ग्रंथलेखकाच्या सोयीचा असला, तरी सरकारी दफ्तराच्या दृष्टीने तोच दोष ठरतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा इजिप्तचा अल-कलकशंदी सांगतो की, खलिफा हारून अल-रशीदने सरकारी लेखन कागदावरच करावे असा हुकूम दिला, कारण कातड्यावरचा मजकूर पुसून बदलता येतो आणि कागदावर तशी खाडाखोड केली तर ती दिसून येते. मी हे करून पाहिले आहे. चर्मपत्रावरची काजळीची शाई ओल्या फडक्याने निघते आणि धारदार पात्याने उरलेला डागही जातो. खळ दिलेल्या कागदावरची ताजी शाई ओल्या बोटाने टिपता येते हे खरे, परंतु वाळल्यानंतर खरवडली तर तंतूंची लव उठते आणि उजेडाकडे पान तिरके धरले की ती जागा लगेच ओळखू येते.

तथापि हारूनच्या हुकुमाने एका फटक्यात कागद आला, असे मानू नये असे मी सुचवीन. बगदादचा पुस्तकव्यापारी आणि ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम, जो स्वतः वर्राकाचा मुलगा होता, सांगतो की खलिफा अल-अमीनच्या काळात, म्हणजे इ.स. 813 मध्ये संपलेल्या यादवीत, सरकारी दफ्तरे लुटली गेली. ती कातड्यांची होती, आणि पुढे काही वर्षे बगदादचे लोक तीच कातडी धुऊन त्यांवर लिहीत राहिले. बगदादला कागद बनवण्याचे काम साधारणपणे इ.स. 794-795 च्या सुमारास सुरू झाले असे मानले जाते. म्हणजे नवे साहित्य शहरात तयार होत असतानाही जुने वीसेक वर्षे वापरात होतेच. कागदावरच्या सर्वांत जुन्या दिनांकित अरबी पुस्तकांपैकी एक असलेली, अबू उबैदच्या हदीसविषयक, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतील कठीण शब्दांवरच्या, ग्रंथाची नेदरलंड्समधील लायडन येथील प्रत इ.स. 866 ची आहे.

आता कागदाकडे येऊ. तो जवसाच्या आणि भांगेच्या तंतूंच्या जुन्या चिंध्या व दोर कुटून, लगदा साच्यावर उचलून तयार होई. पण असा कच्चा कागद लिहिण्याच्या कामाचा नसतो. शाई त्यावर टिपकागदावर पसरावी तशी पसरते. म्हणून त्याला गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटावे लागते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हाताने कागद बनतो. तिथला एक गठ्ठा आणून मी स्वतः खळ दिली. पहिल्या वेळी खळ पातळ झाली आणि अक्षरांना मिशा फुटल्या. दुसऱ्या वेळी ती जाड झाली आणि घडीवर पांढरे पापुद्रे पडले. तिसऱ्या खेपेला दोन पातळ हात दिले, मध्ये पूर्ण एक दिवस वाळू दिले आणि अकीकाच्या दगडाने दोन्ही दिशांनी घोटले, तेव्हा बोरू चालू लागला. चर्मपत्राइतका नाही, पण थांबत नाही एवढा. इब्न अल-नदीमने कागदाचे सुलैमानी, तल्ही, नूही, फिरऔनी, जाफरी आणि ताहिरी असे प्रकार नोंदवले आहेत. त्यांतली बहुतेक नावे अधिकाऱ्यांची आणि राज्यकर्त्यांची आहेत. माल कोणत्या प्रतीचा आहे हे गिऱ्हाइकाला नावावरून कळावे एवढा बाजार तयार झाला होता, हे त्यावरून दिसते.

वेगाची तुलना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती तत्त्वज्ञ याह्या इब्न अदी (मृत्यू इ.स. 974) याने इब्न अल-नदीमला सांगितले होते की, तबरीच्या विस्तृत कुराणभाष्याच्या दोन प्रती त्याने स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि एका दिवसरात्रीत शंभर पाने लिहिण्याइतके काम तो स्वतःवर लादत असे. इब्न अल-नदीम आपल्या सूचीत पानाचे माप देताना सुलैमानी पान, एका पृष्ठावर वीस ओळी, असे धरतो. तेच माप येथे लावले तर शंभर पाने म्हणजे दोनशे पृष्ठे, म्हणजे चार हजार ओळी होतात. अखंड चोवीस तास लिहिले तरी दर मिनिटाला जवळजवळ तीन ओळी पडतात. मला कागदावर तासाला पंचवीस ओळी होतात आणि कातड्यावर पंधरा. अभिमानाने सांगितलेला हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, पण जलद वळणदार लिपी आणि सपाट, एकसारखी पाने असल्याशिवाय तो अर्धाही शक्य नव्हता, असे मला माझ्या हाताच्या दुखण्यावरून वाटते.

या वेगावर एक पूर्ण बाजार उभा राहिला. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणारा भूगोलकार याकूबी बगदादच्या एका भागात वर्राकांची शंभरांहून अधिक दुकाने असल्याचे सांगतो. जाहिज अशी दुकाने भाड्याने घेऊन तिथेच वाचत राही, असे म्हणतात. तेथे केवळ विक्री होत नव्हती. विद्वान मशिदीत किंवा घरी मजकूर सांगत, श्रोते लिहून घेत, आणि वर्राक त्या प्रती पुढे वाढवीत.

त्यातला तणाव कूफ्याचा व्याकरणकार अल-फर्रा (मृत्यू इ.स. 822) याच्या कथेत स्पष्ट दिसतो. त्याने कुराणाच्या अर्थांवरचा ग्रंथ बगदादमध्ये सांगायला घेतला तेव्हा इतके लोक जमले की मोजणी करता आली नाही, केवळ काझीच ऐंशी मोजले गेले. ग्रंथ पूर्ण झाल्यावर वर्राकांनी तो लोकांपासून अडवून धरला आणि एका दिरहमला पाचच पाने उतरवून देऊ लागले. लोकांनी तक्रार केली. फर्राने वर्राकांना समजावले, पण त्यांनी ऐकले नाही. तेव्हा त्याने जाहीर केले की मी हाच ग्रंथ पुन्हा, अधिक विस्ताराने सांगेन, आणि नुसत्या पहिल्या अध्यायावर शंभर पाने सांगितली. आपल्याजवळचा माल जुना ठरणार हे पाहून वर्राक वठणीवर आले आणि एका दिरहमला दहा पाने देण्यास तयार झाले. पाचशे पानांचा ग्रंथ धरला, तर शंभर दिरहमांचे काम पन्नासांवर आले. एकच मजकूर डझनावारी लोकांच्या मांडीवर एकाच वेळी उतरू शकतो, हाच फर्राचा खरा दबाव होता. एका मोठ्या दुमडीसाठी एक मेंढी लागणाऱ्या साहित्यावर असा दबाव आणणे सोपे गेले नसते.

कागदाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याला कसर आणि वाळवी लागते, खळीच्या पिठाने तर किडे अधिकच ओढले जातात. घाईत उतरवलेल्या स्वस्त प्रतींत ओळ सुटणे, शब्द दोनदा लिहिणे असे घडते. म्हणून मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची पद्धत होती, आणि ताडलेली प्रतच विश्वासाची मानली जाई. तुम्ही लिहाल तेव्हा तेवढा वेळ निराळा राखून ठेवावा.

एकच भव्य पान लिहायचे असेल, हवा कोरडी असेल आणि खर्चाचा विचार नसेल, तर चर्मपत्र नक्की घ्यावे. मीही थंडीत एखादे पान त्यावर लिहितो. परंतु ग्रंथ उतरवायचा असेल तर मी कागदच घेण्यास सांगेन. खळ दिल्यावर एक पान पूर्ण वाळू द्या, त्यावर शाईचा थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंबाची कड गोल राहिली तर उरलेला गठ्ठा घोटायला घ्या. कडेला तंतू फुटले, तर त्या पानावर अजून एक पातळ हात द्या.