नववीची भूमिती: पर्यायात सिद्धता घ्यावी की रचना?

"खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा" असं पेपरात येतं, तीनात एक सिद्धता असते, एक रचना असते आणि एक तिसरंच काहीतरी, आणि तिथे पोरं पेन चावत बसतात. मी संध्याकाळी घरीच नववीच्या पाच-सहा मुलांना भूमिती शिकवतो, स्टेट बोर्डाचं गणित भाग 2, आणि दरवर्षी परीक्षेच्या आधी हाच प्रश्न येतो की सर, सिद्धतांवर जोर देऊ की रचनांवर. दोन्ही येतंच, दोन्ही करायचंच, ते सोडा. पण पर्याय समोर आला की आधी हात कुठे घालायचा, एवढ्यापुरतं माझं मत सांगतो.

मी स्वतः नववीत पक्का रचनावाला होतो. कारण सरळ आहे, रचनेत मराठी लिहावं लागत नाही. कर्कटक, पट्टी, कोनमापक घेतलं, कच्ची आकृती काढली की पाच-सात मिनिटांत काम खलास, आणि वर स्वतःच मोजून बघता येतं की आलं का बरोबर. सिद्धतेत तसं काही नाही, तिथे लिहून झालं तरी पोटात गोळा असतोच की एखादं कारण राहिलं का. त्यामुळे ज्याला लिहायचा कंटाळा त्याने रचना घ्यावी, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि आजही यात अगदीच तथ्य नाही असं म्हणणार नाही.

माझं मत फिरलं ते एका रचनेमुळे, दोन बाजूंच्या फरकाच्या. त्रिकोण रचनेच्या धड्यात तीन प्रकार आहेत ते तुम्हाला माहीतच आहेत, दोन बाजूंची बेरीज, दोन बाजूंचा फरक, आणि परिमिती. आता उदाहरण म्हणून हे घ्या: BC = 6 सेमी, ∠B = 50°, AC − AB = 2 सेमी. मी काय केलं होतं, तर 6 सेमीचा पाया काढला, B पाशी 50° चा किरण काढला, त्या किरणावर B पासून 2 सेमीवर D घेतला, DC जोडली, तिचा लंबदुभाजक काढला, तो किरणाला जिथे छेदला तिथे A. त्रिकोण मस्त बंद झाला. मग मोजलं, एक बाजू 8.6, दुसरी 6.6, फरक बरोबर 2. खूश होऊन पुढच्या प्रश्नाला गेलो.

आणि मार्क मिळाले चारात दीड.

कारण माझ्या त्रिकोणात 8.6 ची बाजू AB होती आणि 6.6 ची AC. म्हणजे मी AB − AC = 2 काढून बसलो होतो आणि प्रश्नात होतं बरोबर उलटं. AC मोठी असेल तेव्हा D किरण BA वर घ्यायचाच नसतो, B च्या मागे, म्हणजे विरुद्ध किरणावर घ्यायचा असतो. का ते बघा, A हा DC च्या लंबदुभाजकावर आहे म्हणून AD आणि AC सारख्या, आणि D मागे असेल तर AD = AB + BD, म्हणजे AC ही AB पेक्षा BD ने मोठी. तसं करून बघा, AB साधारण 2.7 येते आणि AC 4.7. फरक इथेही 2 च. एकाच माहितीतून दोन वेगळे त्रिकोण, दोन्ही देखणे, दोन्हींत फरक 2, आणि पोरगं पट्टी लावून तपासतं तेव्हा पट्टी दोन्हींना होच म्हणते.

मला राग याचा येतो. चूक होणं वेगळं, पण चूक झाली हे कळायला काहीतरी हवं ना. परिमितीच्या रचनेत बघा, 70° आणि 60° चे कोन दिलेत आणि मुलाने परिमितीएवढ्या लांबीच्या रेख PQ च्या टोकांशी त्यांचे अर्धे, 35° आणि 30°, न घेता तसेच पूर्ण घेतले, तर AP आणि AQ चे लंबदुभाजक PQ च्या बाहेर पळतात, B तिकडे जातो C इकडे येतो, आकृतीचा पार चिवडा होतो. ती चूक ओरडून सांगते की बाबा रे खोड. बेरजेच्या रचनेत तर दोन वाटाच नाहीत, D नेहमी किरण BA वरच, त्यामुळे तिथे फसायला जागा कमी. फरकाची तेवढी गप्प बसून मार्क खाते, आणि मी दरवर्षी बघतो, माझ्याकडच्या मुलांपैकी निम्मी तरी पहिल्यांदा हीच चूक करतात. मी त्यांना आता एकच सांगतो, D घ्यायच्या आधी प्रश्नात कुठलं नाव आधी आलंय ते बघ. AB आधी असेल तर D किरणावर, AC आधी असेल तर मागे. आणि हे कच्च्या आकृतीतच ठरवून टाक, कारण कच्ची आकृती बहुतेक मुलं शेवटी, मार्कांसाठी म्हणून काढतात, उलटा कारभार.

मार्कांचं म्हणाल तर रचनेला साधारण असे पडतात, निदान मी पाहिलेल्या पेपरांत: कच्ची आकृती आणि तिच्यावरची मापं एक, पाया आणि कोन एक, D आणि DC ला एक, लंबदुभाजक आणि A ला एक. शाळेगणिक अर्धा इकडे तिकडे. यात D चुकला की खालचं सगळं चुकीवर उभं राहतं, काही तपासणारे लंबदुभाजक नीट काढल्याचा अर्धा देतात, काही म्हणतात त्रिकोणच वेगळा आलाय, सोडून द्या. म्हणजे स्टेपवाइज मार्किंग आहे खरं, पण पायऱ्या एकीवर एक रचलेल्या आहेत, मधली काढली की वरची पडते.

आता सिद्धता घ्या. वर्तुळाच्या धड्यातलं प्रमेय, वर्तुळकेंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. केंद्र O, जीवा AB, रेख OP ⊥ जीवा AB, दाखवायचंय AP = BP. आकृती, पक्ष, साध्य लिहिलं, रचना म्हणून OA आणि OB जोडले, की जवळजवळ अर्धे मार्क हातात आले, अजून सिद्धतेला सुरुवातही नाही झाली. मग ΔOPA आणि ΔOPB, दोन्ही काटकोन, OA = OB कारण एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, OP सामाईक बाजू, कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून AP = BP, एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू. संपलं.

इथे मुलं हमखास काय चुकतात, तर कसोटीच्या नावाला बाकोबा लिहितात. दोन बाजू आहेत, एक कोन आहे, मग बाकोबाच की! पण काटकोन P पाशी आहे आणि आपण घेतलेल्या बाजू OA आणि OP, त्यांच्या मधला कोन O पाशी येतो. तो सारखा आहे असं आपण अजून कुठे म्हटलंय. म्हणून कर्णभुजाच. ही चूक गंभीर आहे, मी मुलांना यावरून झापतो, पण मार्कांच्या हिशोबात बघाल तर गेला अर्धा, फार तर एक. आकृती, पक्ष, साध्य, त्रिज्यांचं कारण, सामाईक बाजू, हे सगळं आपापल्या जागी शाबूत राहतं, कसोटी चुकली म्हणून पक्ष चुकीचा ठरत नाही. दुसरी एक चूक मात्र महागात पडते, जे सिद्ध करायचंय तेच मध्ये वापरायचं. AP = BP लिहून बाबाबा कसोटी लावली की गाभाच गेला, तिथे तपासणाऱ्याचाही नाइलाज होतो. पण ती चूक दिसते. साध्याची ओळ वरच लिहिलेली असते, खाली तीच ओळ कारणाशिवाय आली की मुलाला स्वतःला दिसू शकतं, फक्त परत वाचायला हवं.

तर मला जाणवलेला फरक हा असा आहे. रचनेत पूर्ण चार मिळायची शक्यता जास्त आणि दीडवर आपटायचीही. सिद्धतेत पूर्ण मिळणं जरा अवघड, काही तपासणारे कारणाच्या कंसाला फार धरून बसतात, पण तीनात दोनच्या खाली जायला खूपच काहीतरी करावं लागतं. माझ्या बहिणीची मुलगी यंदा नववीत आहे, तिचं अक्षर वाईट, लिहायचा आळस, मी म्हटलं तरी सिद्धताच घे. ती म्हणाली मामा, मला पाठ होत नाही. मी म्हटलं पाठ कशाला करतेस, नववीतल्या बऱ्याचशा सिद्धता शेवटी दोन त्रिकोण शोधून एकरूप करण्याच्याच आहेत, समांतरभुज चौकोनाचे कर्ण घे, समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन घे, त्रिकोण सापडले की निम्मं काम झालं. त्यावर तिचं तोंड वाकडंच होतं, पण चाचणीत घेतली आणि तीनात अडीच आणले, तो अर्धा बाकोबानेच गेला.

अर्थात मी आंधळा सिद्धतावाला नाही. पर्यायात बेरजेची रचना आली असेल किंवा परिवर्तुळ काढायला सांगितलं असेल तर मी पण खुशाल रचनाच घे म्हणतो, तिथे फसवाफसवी नाही, परिवर्तुळात तर वर्तुळ तिन्ही शिरोबिंदूंतून गेलं की नाही ते डोळ्यांना दिसतंच. आणि ज्याच्या कर्कटकाचा स्क्रू ढिला आहे त्याने मात्र त्या दिवशी रचनेच्या वाटेला जाऊ नये, कंस मारता मारता त्रिज्या दोन मिलिमीटर सरकते आणि मग लंबदुभाजक म्हणून जी रेघ येते ती ना मध्यातून जाते ना लंब असते. आमच्याकडे एक पोरगा अजून तसलंच कर्कटक वापरतो, वडिलांचं आहे म्हणतो, त्याला मी फरकाची रचना दिसली की पान उलट एवढंच सांगून ठेवलंय.